डबीवरच्या तीन ओळी

जाहीर निवेदन छापून आठवडा झाला, तरी एकाही बाईने कुंकवाची डबी परत आणली नव्हती.

दुकानदारांनी आणल्या. बार्शीहून खोकी आली, पंढरपूरच्या व्यापाऱ्याने सगळा माल गाडीत घालून पाठवला आणि हमालीही मालक वेणीमाधवच्याच नावावर टाकली. पण निवेदन दुकानदारांसाठी नव्हतेच. ज्या बायकांच्या कपाळावर 'लामणदिवा छाप' कुंकवाने पुरळ उठले होते, कातडी सोलली होती, पाणी सुटले होते, त्यांच्यासाठी ते होते. 'डबी दुकानी आणून द्यावी व पैसे परत न्यावे' असे त्यात ठळक लिहिले होते. सोलापुरातल्या मधल्या मारुतीजवळच्या दुकानात वेणीमाधव सकाळपासून बसे, दर थोड्या वेळाने उठून पायरीपर्यंत जाई आणि परत येऊन बसे. गल्ल्याशेजारी त्याने परत येणाऱ्या डब्यांसाठी रिकामी पाटी ठेवली होती. पाटी रिकामीच होती.

"लोक विसरले म्हणायचं," एकनाथ म्हणाला. एकनाथ त्याचा थोरला चुलतभाऊ. माल बनवणे वेणीमाधवकडे, गावोगाव खपवणे एकनाथकडे, अशी वाटणी वेणीमाधवच्या वडिलांच्या वेळेपासून होती. "विसरले असतील तर आपणही विसरावं. संक्रांत तोंडावर आलीय. गड्ड्याच्या यात्रेत जे विकलं जाईल त्यावर वर्ष निघतं, हे तुला मी सांगायला नको."

"विसरलेत म्हणून येत नाहीत की चिडलेत म्हणून?"

"येत नाहीत ना? मग कारण शोधत बसू नकोस."

कारण त्याच दुपारी दुकानात आले. बनाबाई नावाची सांगोल्याकडची धनगराची बाई होती. मेंढरे घेऊन शहराच्या कडेला उतरली होती. डोक्यावरचा पदर तिने भुवयांपर्यंत ओढला होता. पायरीवर उभी राहून तिने पदर जरासा मागे सारला. दोन भुवयांच्या मधे रुपयाएवढी जागा लालबुंद होती आणि तिच्या कडेला खपली धरली होती. त्या जागेच्या वर, जिथे कुणी लावत नाही तिथे, तिने कसेबसे हळदीचे बोट ओढले होते.

"हे तुमच्या दिव्यानं केलं," ती म्हणाली. "दिवा लावला आन् घर पेटलं."

वेणीमाधव उठून उभा राहिला. "बाई, चूक आमची आहे. डबी आणलीय का? पैसे देतो."

"डबी हाय की घरात."

"ती आणून द्या. तसं छापलंय आम्ही."

"वाचून दावलं एकानं. म्हनून तर आले." तिने पदर पुन्हा खाली ओढला. "तुमाला आय हाय का न्हाय? कुक्कू परत कसं द्यायचं? धनी जिता हाय की माजा."

एकनाथ हसू लागला आणि थांबला. बनाबाईने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

"कुणाच्या हातात दिऊ? दुकानात गडीमानसं. तुमी ते कुटं टाकनार? गटारात? माजं कुक्कू गटारात?" ती पायरी उतरली. "लावता बी येत न्हाय, टाकता बी येत न्हाय. लोक इचारतात, बनाबाय, कपाळ मोकळं का गं? त्यास्नी मी काय सांगू, ते छापा की तुमच्या कागदात."

ती गेली. वेणीमाधवने पाटी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन पालथी घातली. गावात घरोघर विषारी डब्या कोनाड्यात बसल्या होत्या, आणि परत मागून त्यानेच त्या तिथे पक्क्या केल्या होत्या. आज ना उद्या कुणाची तरी मुलगी, सून त्यांत बोट घालणार होती. मग निवेदने छापून काहीही उपयोग नव्हता. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींच्या कपाळाला कुंकू लावत फिरतील. त्या वेळी एकीने जरी विचारले, 'हे लामणदिव्याचं तर नाही ना?', तरी वडिलांनी चाळीस वर्षे चालवलेले नाव संपणार होते.

*

रामहरीपंतांचा छापखाना नव्या पेठेत होता. ते एक साप्ताहिक चालवत, आणि ते तोट्यात जाई म्हणून लग्नपत्रिका, हुंड्या आणि डब्यांवरचे कागद छापत. लामणदिव्याचा कागदही तिथेच छापला जाई. मध्ये पितळी लामणदिव्याचे चित्र, खाली तीन ओळी. त्या तीन ओळी आज रामहरीपंतांनी टेबलावर समोर ठेवल्या होत्या.

*शुद्ध हळदीचे, निर्भेळ.*
*घामाने उतरत नाही, रंग बदलत नाही.*
*प्रत्येक खेप आधी आमच्या घरी लावून पाहिलेली.*

"दुसरं निवेदन काढायचं तर यांतलं काय पुन्हा म्हणायचं, ते आधी ठरवा," रामहरीपंत म्हणाले. "पहिल्या निवेदनात तुम्ही नुसते पैसे परत म्हणालात. ते सावकाराचं बोलणं झालं. गिऱ्हाईक विचारतंय, आता तुमचा कोणता शब्द धरायचा?"

"सगळे," एकनाथ म्हणाला. "तिन्ही ओळी, दुप्पट मोठ्या टायपात. वर 'सावधान, नक्कल होत आहे' असं घाला. कुणीतरी भेसळीचा माल आपल्या नावावर विकला म्हणू."

"तसं झालं का?"

एकनाथने वेणीमाधवकडे पाहिले. वेणीमाधव खिडकीपाशी उभा होता. बोटाला लागलेली शाई तो दुसऱ्या बोटाने पुसत होता, तशी ती दोन्ही बोटांना लागत होती.

"नाही," तो म्हणाला. "रंग मीच घालायला लावला."

रामहरीपंतांनी चष्मा काढला.

ही गोष्ट वेणीमाधवने उघडपणे प्रथमच बोलून दाखवली. हळकुंडे लिंबाच्या रसात तुरटी आणि टाकणखार घालून मुरवायची, सावलीत वाळवायची, दळून वस्त्रगाळ करायची, ही वडिलांची रीत. असे कुंकू गडद होते, भडक नाही. साबण लागला की ते काळवंडते आणि वर्ष सरता फिके पडते. डबीवर वडिलांच्या वेळी दोनच ओळी होत्या, पहिली आणि तिसरी. वडील गेले, मुंबईची भडक लाल डबी बाजारात आली आणि व्यापारी म्हणू लागले, तुमचं कुंकू शिळं दिसतं. तेव्हा वेणीमाधवने मधली ओळ घातली. ती ओळ खरी ठरवायला कुंकवात चिमूटभर रंग आला. सोलापुरात रंगाची काय वाण? सूत रंगवणारे सगळे शहर. पहिला रंग बाधला नाही. दसऱ्याच्या आधी मागणी वाढली, तो रंग संपला, तेव्हा हळद दळणाऱ्या मल्लप्पाला त्याने दुसऱ्या दुकानातून तांबडा रंग आणायला सांगितले. मल्लप्पाने विचारले होते, सुताचा चालेल का? तो म्हणाला होता, चालेल.

"म्हणजे दुसरी ओळ खरी करायला पहिली मोडलीत," रामहरीपंत म्हणाले.

"हो."

"दोन्ही एका डबीवर नांदणारच नव्हत्या."

"पंत, मी बाजारात फिरतो," एकनाथ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण त्याने हातातली टोपी टेबलावर आपटली. "लातूरचा व्यापारी शुद्ध विचारत नाही. शुद्ध सगळेच लिहितात, माती विकणारासुद्धा लिहितो. तो विचारतो, रंग टिकतो का. मधली ओळ काढलीत तर माझ्या हातात काय राहिलं? मी जाऊन काय सांगू, आमचं कुंकू काळं पडतं, घ्या?"

"मग रंग ठेवायचा?"

"चांगला रंग ठेवायचा. न बाधणारा. विलायतेत असतील की."

"आणि वर शुद्ध लिहायचं?"

रामहरीपंतांनी पेन्सिलीने मधल्या ओळीखाली रेघ मारली, मग पहिलीखाली. "माझं ऐकाल तर पहिली ओळही आत्ता लिहू नका. उद्यापासून तुम्ही खरोखर निर्भेळ केलंत तरी नका. लोक म्हणतील, मागच्या डबीवरही हेच होतं. एकदा मोडलेला शब्द मोठ्या टायपात लिहिला तर तो मोठा मोडलेला दिसतो. जे लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल तेवढंच बोला."

"मग उरली तिसरी," वेणीमाधव म्हणाला. "घरी लावून पाहिलेली."

"ती तरी खरी आहे ना?"

"होती," तो म्हणाला.

*

तिसरी ओळ सगळ्यांत जुनी होती. कुंकवाची नवी खेप तयार झाली की तिची पहिली चिमूट घरातल्या सुवासिनीच्या कपाळी जाई. तिने ते आठवडाभर लावायचे आणि मगच डब्या भरायच्या. वडिलांच्या हयातीत ते कपाळ आईचे, यशोदाबाईंचे. वडील गेले त्या दिवशी ते काम बंद झाले. कुणी तसे म्हणाले नाही. पुढची खेप निघाली तेव्हा नवी सून लीला उंबऱ्यात उभी होती, आणि वाटी आपोआप तिच्या हातात गेली. श्रावणात लीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी कुर्डुवाडीला गेली. भाद्रपदातली खेप निघाली तेव्हा घरात लावणारे कपाळ उरले नव्हते. मल्लप्पा वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. आत यशोदाबाई एकट्याच होत्या. तो दारातूनच परत फिरला. वेणीमाधवने हे पाहिले होते. बाहेरची कुणी बाई बोलवावी, असे त्याच्या मनात आले. पण मग का बोलवायची ते आईसमोर सांगावे लागले असते. तो गप्प राहिला आणि डब्या भरल्या गेल्या.

ती दसऱ्याची खेप.

त्या रात्री तो जेवला नाही. आईने ताट झाकून ठेवले आणि त्याच्यासमोर बसली.

"कसला विचार चाललाय?"

"काही नाही."

"मल्लप्पा त्या दिवशी वाटी घेऊन आला होता," यशोदाबाई म्हणाल्या. "मी बघितलं. मला म्हणायचं होतं, शेजारच्या शकुंतलेला हाक मार. पण मी तो विषय काढला असता तर तुम्ही सगळे खाली बघायला लागला असता. गेली दोन वर्षं तुम्ही तेच करताय. म्हणून मीही गप्प बसले." त्यांनी ताटावरचे झाकण उगाच नीट केले. "आता जेव. आणि उद्या लीलेकडे जा. कपाळ तिचं आहे, तिला विचारल्याशिवाय छापू नकोस."

*

कुर्डुवाडीला लीलाचे वडील रेल्वेच्या कारखान्यात कारकून होते. क्वार्टरच्या मागच्या अंगणात लीला बाळाला तेल लावत होती. वेणीमाधव बाजेवर बसला, उठला, पुन्हा बसला. रुळांवरून इंजिन मागेपुढे करत होते आणि दर वेळी धक्का बसला की बाळ दचकत होते.

त्याने सगळे सांगितले. रंगाचेही.

लीलाचा हात थांबला. "म्हणजे दीड वर्ष मी कपाळाला काय लावत होते?"

"तो रंग वेगळा होता. तो बाधला नाही."

"बाधला नाही हे तुम्हाला कसं कळलं? माझ्या कपाळावरून. तेच ना?" ती चढ्या आवाजात बोलली नाही. बाळाच्या पोटावरून तिने पुन्हा हात फिरवायला सुरुवात केली. "मला सांगितलं असतंत तरी मी लावलंच असतं. पण सांगायचं होतं."

"हो."

"आता काय छापायचं म्हणताय?"

त्याने खिशातून कागद काढला. प्रत्येक खेप घरच्या सुवासिनीच्या कपाळी आठवडाभर लावल्याशिवाय विकणार नाही, असे लिहिले होते. लीलाने ते वाचले आणि कागद परत दिला.

"हे नको."

"का? हे एकच खरं करता येतं. तू आलीस की—"

"मी आले की. मी पुन्हा माहेरी आले की काय? मी आजारी पडले, सोवळं-ओवळं असलं, आणि उद्या देव न करो..." तिने ते वाक्य सोडून दिले. "तुमची ही ओळ आत्ता मोडली ती कशाने? रंगाने नाही. घरात कपाळ नव्हतं आणि ते कुणाला बोलून दाखवता आलं नाही, म्हणून मोडली. तीच ओळ तुम्ही तशीच पुन्हा लिहिताय."

इंजिनाचा धक्का बसला. वेणीमाधव उठून कुंपणापर्यंत गेला आणि परत आला.

"मग काय लिहू?"

"तुमच्या कपाळावर लावा," लीला म्हणाली.

त्याचा हात नकळत कपाळाकडे गेला.

"पुरुष काय कुंकवाचा टिळा लावत नाहीत? देवळात गेलात की लावताच. रोज लावा. मालक लावतो म्हणा. तुमचं कपाळ माहेरी जात नाही."

"लोक हसतील."

"हसू देत. हसायला का होईना, बघतील तरी. आणि मीही लावीनच, ते घरातलं झालं. पण छापायचं ते तुमचं."

मग तिने डब्यांचे विचारले. बनाबाईचे बोलणे त्याने जसेच्या तसे सांगितले. लीला म्हणाली, ती बरोबर बोलली. मीही दिली नसती.

"रामहरीपंत म्हणतात, देवीच्या पायाशी वाहा असं लिहू."

"आणि मग? गुरव ते ताटात घेईल आणि प्रसाद म्हणून पुढच्या बाईच्या कपाळाला लावील. देवळातून तेच परत गावात येईल." तिने बाळाला दुपट्यात गुंडाळले. "तुळशीच्या मुळाशी मातीत मिसळा म्हणावं. ते कुणी पायदळी तुडवत नाही आणि कुणी कपाळी लावत नाही."

"एकनाथदादा म्हणेल, डबी न घेता बदली दिली तर ज्यानं कधी विकत घेतलं नाही तोही येईल."

"डबीवरचा कागद सोलून आणायला सांगा. कागद म्हणजे कुंकू नव्हे. तो परत द्यायला कुणाला काही वाटायचं नाही."

*

निवेदनाचा मजकूर छापखान्यात तीनदा जुळवला गेला. दर वेळी एकनाथ एक वाक्य काढायला सांगे आणि वेणीमाधव ते ठेवायला सांगे. शेवटी रामहरीपंतांनी मजकूर मोठ्याने वाचला.

*लामणदिवा छाप कुंकू वापरणाऱ्या भगिनींस विनंती. दसऱ्यापासून विकलेल्या आमच्या कुंकवात आम्ही सुताचा रंग मिसळला होता. त्याने कपाळास बाधा झाली. चूक सर्वस्वी मालकाची आहे.*

*ते कुंकू कोणीही लावू नये. ते आम्ही परत मागत नाही. घरच्या तुळशीपाशी मातीत मिसळावे. फक्त डबीवरचा कागद आणून द्यावा व नवी डबी न्यावी.*

*रंग बदलत नाही, असे आम्ही लिहीत होतो. यापुढे लिहिणार नाही. हळदीच्या कुंकवास साबण लागला तर ते काळवंडेल व काळाने फिके होईल. निर्भेळ हा शब्दही आम्ही तूर्त लिहीत नाही. तो आम्ही मोडला आहे.*

*एकच गोष्ट पुन्हा लिहितो. प्रत्येक खेप विकण्यापूर्वी मालक वेणीमाधव स्वतःच्या कपाळी आठवडाभर लावील. ज्यास पाहावयाचे असेल त्याने दुकानी येऊन पाहावे.*

"काळवंडेल हे तरी काढ," एकनाथ म्हणाला. "स्वतःच्या मालाची बदनामी स्वतःच पैसे देऊन छापायची?"

"ते राहू दे, दादा. काळवंडलं की बाईला कळेल की रंग घातलेला नाही. शुद्ध आहे हे आपण म्हणायचं नाही, ते तिला तिच्या साबणाकडून कळू दे."

"आणि आठवडाभर? संक्रांतीच्या आत आठवडा धरून किती खेपा निघतील?"

"एकच."

"एक खेप. गड्ड्याला एक खेप." एकनाथने टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. "मुंबईवाला दारात हत्ती बांधील आपल्या जिवावर. काका असते तर..."

"बाबा असते तर मधली ओळच नसती," वेणीमाधव म्हणाला.

एकनाथ छापखान्यातून निघाला आणि लातूरच्या गाडीला गेला. तिथून आलेल्या पत्रात त्याने एवढेच लिहिले की, व्यापाऱ्याने जुना माल परत केला आहे, नवा मागितलेला नाही, आणि टिळेवाला मालक बघायला आपण नक्की येऊ असे तो हसत म्हणाला.

*

नव्या खेपेत रंगाचा कण नव्हता. मल्लप्पाने जाती धुवून घेतली, चाळणीचे कापड जाळून नवे घेतले. पहिली चिमूट वेणीमाधवने आरशासमोर लावली आणि बाजारात गेला. मधल्या मारुतीपाशी पानवाल्याने हाक मारली, "काय मालक, लगीन ठरलं का आणखी एक?" शाळेतली पोरे मागे लागली. कापडगिरणीतून सुटलेल्या विणकरांच्या घोळक्यात कुणीतरी तेलुगूत काही बोलले आणि सगळे हसले. तो दुकानात येऊन बसला. दुपारपर्यंत कपाळ खाजू लागले. खाज खरी की मनाची, हे त्याला कळेना. हात वर जाई आणि तो खाली ओढे. खाजवले आणि लाल झाले तर लोक काय म्हणतील, न खाजवले आणि आत काही उठत असेल तर? रात्री तो टिळा धुई आणि दिवा जवळ धरून आईला विचारी, "काही दिसतंय का?" यशोदाबाई नीट बघत. "काही नाही. झोप."

दोन-तीन दिवसांनी खाज आपोआप गेली. तो मात्र दर तासाला आरशात बघत राहिला.

लीला रिवाजाच्या आधी बाळाला घेऊन सोलापूरला आली. संक्रांतीच्या सकाळी दुकानासमोर छोटा मांडव घातला. आत पाटावर लीला बसली, समोर हळद-कुंकवाचे ताट, मागे नव्या डब्या. नव्या कागदावर दिव्याचे चित्र होते आणि खाली मालकाच्या कपाळाची एकच ओळ. बाजूला वेणीमाधव उभा होता. यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर गर्दी लोटली होती. माणसे मांडवापाशी थांबत, टिळा बघत, पुढे जात. बायका त्याच्या कपाळाकडे पाहत, मग लीलाच्या, मग एकमेकींकडे. काही जणी सोललेले कागद देऊन डबी घेत आणि लगबगीने पदराआड करत. कपाळ मात्र कुणी पुढे केले नाही. लीलाच्या ताटातले कुंकू सकाळी होते तेवढेच होते.

दुपार कलली तेव्हा बनाबाई आली. कपाळावरची खपली गेली होती, फिकट डाग उरला होता. तिने कमरेच्या पिशवीतून कागद काढला. कडेला फाटलेला, वर दिवा, खाली तीन ओळी.

"तुळशीला घातलं," ती म्हणाली. "हे घ्या तुमचं."

लीलाने कागद घेतला आणि ताट पुढे केले. "या, बसा."

बनाबाई बसली नाही. ती वाकून लीलाचे कपाळ बघू लागली. इतकी जवळून की लीलाचे डोळे मिटले. मागच्या बायका थांबल्या.

"वरनं समदं ब्येस दिसतंय," बनाबाई म्हणाली. "माजं बी वरनं ब्येसच दिसत हुतं. आत काय झालं ते फुसल्यावर कळलं. खालची कातडी बगायची हाय मला."

लीलाचा हात ताटाच्या कडेवर घट्ट झाला. भर संक्रांतीच्या दिवशी, शंभर बायकांसमोर, नवरा बाजूला उभा असताना, कपाळ पूस असे कुणी तिला सांगू शकत नव्हते आणि तीही पुसू शकत नव्हती. मागे कुणीतरी कुजबुजले. वेणीमाधवला त्या क्षणी रामहरीपंतांचा मजकूर आठवला नाही, एकनाथही नाही. तो दोन पावले पुढे आला, बनाबाईसमोर वाकला आणि धोतराच्या सोग्याने स्वतःचा टिळा खसाखसा पुसला.

"माझी बघा," तो म्हणाला. "आठवडा उलटून गेला."

बनाबाईने त्याची हनुवटी मेंढराची धरावी तशी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवले. अंगठा ओला करून तिने पुसल्या जागी घासला. अंगठा पिवळसर तांबूस झाला. खाली कातडी होती तशी होती.

मागची एक बाई पुढे सरकून बघू लागली, मग दुसरी. कुणीतरी म्हणाले, अगं, त्यांना श्वास तरी घेऊ दे.

"काय न्हाय," बनाबाई शेवटी म्हणाली. तिने हनुवटी सोडली. "पर तुमचं कपाळ सावलीतलं. माजं उनात असतं दिसभर."

"मग काय करू?"

"ते मी काय सांगू? धंदा तुमचा."

तिने डबी घेतली, उघडून वास घेतला, झाकण लावले. लीलाने चिमटीत कुंकू घेऊन हात पुढे केला. बनाबाईने तिच्या चिमटीकडे पाहिले आणि मान हलवली.

"आत्ता नगं. कोनाड्यात ठिवते. तुमी आटवडा बगितलं, मी बी आटवडा बगते. मग लावीन, न्हायतर न्हाय." आणि डबी पिशवीत टाकून ती गर्दीत शिरली.

तिच्यामागे उभी असलेली बाई थोडा वेळ घुटमळली. मग कपाळावरचा पदर तिने मागे घेतला आणि लीलासमोर बसली. लीलाने चिमटीतले कुंकू तिला लावले. तिच्यानंतरची बाई मात्र बनाबाईसारखीच डबी घेऊन, न लावता गेली. त्यापुढचीचे काय ठरले आहे ते तिच्या तोंडावरून कळत नव्हते.

वेणीमाधवने ताटातून चिमूटभर कुंकू घेतले आणि अंदाजाने कपाळी पुन्हा लावले. टिळा वाकडा लागला. लीलाने खुणेने तसे सांगितले, पण तो मांडवातून बाहेर पडला होता. टोपी त्याने पाटाशेजारीच ठेवली होती. रस्त्याच्या पलीकडे, जिथे सावली नव्हती आणि माणसांचा लोंढा सर्वांत जास्त होता, तिथे जाऊन तो उन्हाकडे तोंड करून उभा राहिला.